डीप क्लीनिंगनंतर फटी दिसतात, गार पाणी लागतं, दाढ हलते

प्रश्न: वय 47. शनिवारी उजव्या बाजूचं डीप क्लीनिंग झालं, इंजेक्शन देऊन. आज पाचवा दिवस. गार पाणी तोंडात घेतलं की कळ जाते, पहिले दोन दिवस एवढं नव्हतं. पुढच्या दातांत फटी दिसायला लागल्यात, त्या आधी नव्हत्या, आणि एक दाढ हलल्यासारखी वाटते. मी दोन वेळा ब्रश करतो, वर्षापूर्वी क्लीनिंगही झालं होतं, मग एवढं कीटण आलं कुठून? डॉक्टरांनी दात बिघडवले तर नाहीत ना? डावी बाजू करू की राहू दे?

उत्तर:

डावी बाजू करायचीच आहे, ते आधी सांगून टाकते म्हणजे पुढचं जरा निवांत वाचाल. मी हिरड्यांच्याच आजाराचं काम करते, वीसेक वर्षं झाली, आणि हे असे फोन मला बरोबर चौथ्या-पाचव्या दिवशीच येतात. पहिल्या दिवशी पेशंट खूश असतो, दुखलं नाही म्हणतो, आणि मग बुधवार-गुरुवारकडे आवाज बदललेला असतो. त्याला कारण आहे, त्यावर येतेच. पण कीटण कुठून आलं हे आधी घेऊ, कारण ते कळलं की फटींचं आणि हलण्याचं कोडं आपोआप सुटतं.

दात कितीही घासा, काही तासांत त्यावर जंतूंचा एक पातळ चिकट थर बसतोच, त्याला आम्ही प्लाक म्हणतो. नखाने खरवडला तर पांढरट लोण्यासारखा निघतो. हा थर मऊ असेपर्यंत ब्रशने जातो. पण आपल्या लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर विरघळलेलं असतं, म्हणजे जितकं सहज मावेल त्याहून जास्तच, आणि ते दाताच्या भल्यासाठीच असतं. ते या थरात मुरतं आणि थर आतून दगड व्हायला लागतो. बोअरच्या पाण्यावर गीझर चालवणाऱ्यांना कॉईल कशी होते ते माहीत आहे, तसंच. ही प्रक्रिया पहिल्या काही तासांतच सुरू होऊ शकते, दोन दिवसांत थराचा निम्मा भाग क्षारांचा झालेला असू शकतो आणि 12 दिवसांच्या आसपास तो पक्का कडक. एकदा कडक झाला की ब्रश त्याच्या वरून फिरतो, आत जात नाही.

आता आरशासमोर उभे राहा, जीभ उचला आणि खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू बघा. बहुतेकांना तिथे पिवळट पट्टी दिसते. तिथेच का, तर जिभेखाली लाळग्रंथीची तोंडं उघडतात, ताजी लाळ पहिल्यांदा तिथे येते. दुसरी अशी जागा म्हणजे वरच्या दाढांची गालाकडची बाजू, तिथे गालातल्या ग्रंथीची नळी उघडते. ग्रंथीतून बाहेर आल्यावर लाळेतला कार्बन डायऑक्साइड उडतो, लाळ थोडी अल्कधर्मी होते आणि क्षार खाली बसतात. हे झालं हिरडीच्या वरचं कीटण. वर्षापूर्वी तुमचं जे क्लीनिंग झालं ते बहुधा याचंच झालं असणार. नेहमीच्या अर्ध्या तासाच्या स्केलिंगमध्ये तेच निघतं.

हिरडीखालचं कीटण हे वेगळंच प्रकरण आहे. तिथे लाळ पोचत नाही. पण हिरडी सुजली की तिच्यातून रक्तातल्या पाण्यासारखा द्रव दात आणि हिरडीच्या मधल्या खाचेत झिरपत राहतो, आणि त्या द्रवातलेच क्षार खालच्या प्लाकमध्ये बसतात. थोडक्यात, वरचं कीटण लाळेने बनवलेलं आणि खालचं तुमच्या स्वतःच्या सुजेने बनवलेलं. म्हणून ते रंगालाही वेगळं असतं, काळपट तपकिरी, कधी हिरवट काळं, कारण त्यात रक्ताचा रंग उतरलेला असतो. आणि चिवट असतं, मुळाच्या खडबडीत पृष्ठभागात अगदी रुतून बसलेलं. वरचं कीटण कधी कधी एका फटक्यात खपलीसारखं उडतं, खालचं तसं उडत नाही.

तर तुम्ही दोन वेळा ब्रश करता ते खोटं नाहीच, पण ब्रशचे केस हिरडीखाली जेमतेम मिलिमीटरभर जातात आणि दोन दातांच्या मधे तर जवळजवळ नाहीच. निरोगी हिरडीतली खाच 1 ते 3 मिलिमीटर खोल असते. सूज वाढली, हिरडी दातापासून सुटली की 5, 6, 7 होते, त्याला पॉकेट म्हणतात. तिथे तुमचा ब्रश, चूळ, माउथवॉश काहीच पोचत नाही. आणि बाहेरून दिसतही नाही, दुखतही नाही. टार्टर कमी करणाऱ्या टूथपेस्ट मिळतात त्या वरच्या कीटणावर थोडंफार काम करतात, खालच्याला त्यांचा स्पर्शही होत नाही.

एक गोष्ट इथे स्पष्ट करते कारण यावर भरपूर गैरसमज आहे. दगड स्वतः हाड खात नाही. त्याचा पृष्ठभाग खडबडीत, सच्छिद्र असतो आणि त्यावर जिवंत जंतूंचा थर कायम बसलेला असतो, तो थर हिरडीला चिकटून राहिल्याने सूज राहते आणि त्या सुजेत शरीर स्वतःच हाड मागे घेतं. दगड काढायचा तो एवढ्यासाठी की तो असेपर्यंत तो थर हलवताच येत नाही.

आता डीप क्लीनिंगमध्ये तुमच्या तोंडात नक्की काय झालं ते सांगते. इंजेक्शन बहुतेक लिग्नोकेनचं, त्यात थोडं अॅड्रेनलिन असतं म्हणून रक्त कमी येतं आणि बधिरपणा दोन-तीन तास टिकतो. मग पाण्याचा फवारा मारणारी अल्ट्रासोनिक टिप, जिचा किर्र आवाज येतो, ती सेकंदाला साधारण 25 ते 30 हजार वेळा कंप पावते आणि मोठा दगड फोडते. त्यानंतर हाताची हत्यारं, ग्रेसी क्युरेट म्हणतात त्यांना. यात प्रत्येक बाजूसाठी वेगळं हत्यार असतं, दाढेच्या पुढच्या अंगाला एक, मागच्या अंगाला दुसरं, कारण पातं एका बाजूनेच धारदार असतं आणि ते मुळाला विशिष्ट कोनात लागलं तरच दगड कापतं. आत घालताना पातं मुळाला जवळजवळ सपाट ठेवायचं, तळापर्यंत न्यायचं, मग थोडं उघडायचं आणि वर ओढायचं. हे सगळं आंधळेपणाने, डोळ्यांना काही दिसत नाही, बोटाला काय लागतं त्यावर. दगड असेल तर 'कर्र' असा खडखडाट हत्याराच्या दांड्यातून बोटात येतो, पेशंटलाही हाडातून ऐकू जातो. दगड गेला की तोच ओढ काचेवरून पेन्सिल फिरवल्यासारखा लागतो.

पण इथेच फसायला होतं. क्युरेटची धार बोथट असेल तर ते दगड कापत नाही, वरून घासून गुळगुळीत करतं. बोटाला मग सगळं साफ वाटतं आणि दगड तिथेच असतो. म्हणून कामाच्या मधे हत्यार धार लावायला थांबणाऱ्या डॉक्टरचा कंटाळा करू नका.

डीप क्लीनिंगला 'रूट प्लेनिंग', म्हणजे मूळ तासणं, असंही म्हणतात, तो शब्दही थोडा जुना झालाय. पूर्वी समज असा होता की जंतूंचं विष मुळाच्या वरच्या थरात खोल मुरतं, म्हणून तो थर तासून काढायचा, मूळ काचेसारखं होईपर्यंत. मीही तसंच शिकले. नंतर लक्षात आलं की ते विष मुळावर वरवरच असतं, बरंचसं नुसत्या धुण्या-घासण्यानेही निघतं. मुळावरचा सिमेंटम नावाचा थर दाताच्या मानेजवळ 20 ते 50 मायक्रॉन एवढाच असतो, म्हणजे केसापेक्षाही पातळ, तो खरवडून टाकला तर खालचं डेंटिन, म्हणजे दाताचा आतला थर, उघडं पडतं. त्यामुळे आता आम्ही दगड आणि थर काढतो, मूळ उगाच तासत नाही. तरीही दगड जिथे रुतलेला असतो तिथे थोडं मूळ जातंच, ते टाळता येत नाही.

आता तुमचा पाचवा दिवस.

पहिला दिवस सोपा असतो. बधिरपणा उतरला की दोन ते आठ तासांत सर्वांत जास्त दुखतं, आणि तेही बहुतेकांना पॅरासिटामॉलच्या एका-दोन गोळ्यांत भागतं, अनेकांना तीही लागत नाही. हिरडी हुळहुळते, इंजेक्शनची जागा दोन दिवस ठणकते, थुंकी एक-दोन दिवस गुलाबी येते. तिसऱ्या दिवसापासून हिरडीचं दुखणं उतरणीला लागायला हवं. ही उतरण लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

गार पाण्याची कळ मात्र उलट वागते. डेंटिनमधे बारीक बारीक नळ्या असतात, मुळाच्या पृष्ठभागापासून आतल्या नसेपर्यंत, त्यात द्रव असतो, गार लागलं की तो सरकतो आणि नस ओरडते. क्लीनिंगच्या दिवशी खरवडण्याने जो भुकटीसारखा चिखल तयार होतो तो या नळ्यांच्या तोंडावर बसलेला असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी फारसं जाणवत नाही. तीन-चार दिवसांत लाळेने, लिंबू-चिंच-दही असल्या आंबटाने तो चिखल विरघळतो, नळ्या उघड्या पडतात आणि त्यात भर म्हणजे तोपर्यंत सूज उतरून हिरडी खाली गेलेली असते, आधी झाकलेलं मूळ उघडं झालेलं असतं. म्हणून पाचव्या दिवशीचा फोन. असं साधारण निम्म्या पेशंटना तरी होतं. कळ गार काढून घेतल्यावर लगेच जाते का ते बघा. दोन-तीन सेकंदांत जात असेल तर ती ही नळ्यांचीच कळ, आणि दोन ते चार आठवड्यांत लाळेतले क्षारच त्या नळ्या बुजवतात, गंमत म्हणजे तेच क्षार ज्यांनी दगड केला होता. पण गार काढल्यावरही मिनिटभर ठणकत राहिलं, किंवा गरमानेही होत असेल, किंवा झोपेतून जाग येत असेल तर ती नसेची तक्रार आहे, तेव्हा वाट बघू नका.

फटींचं म्हणाल तर त्या शनिवारी तयार झालेल्या नाहीत. हाड आधीच खाली गेलं होतं, पण वरून सुजलेली हिरडी आणि कीटण मिळून ती जागा भरून बसले होते. एक हिरडीची फुगीर कड आणि एक दगडाची भिंत, दोन्ही काढल्यावर खरी उंची उघडी पडली. जीभ दिवसभर तिथेच जाते आणि ती फट खऱ्यापेक्षा दुप्पट वाटते, तेही खरं. वय, किती हाड गेलंय, दोन दातांमधलं अंतर यावर काही फटी नंतर थोड्या भरतात, पण बहुतेक राहतात. हे मी पेशंटला आधीच सांगते, तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर चूक आमच्या बाजूची.

आणि दाढ हलणं. 'क्लीनिंग केलं की दात सैल होतात' हे आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतं, माझी स्वतःची मावशी सांगायची. यात निम्मं खरं आहे, असं म्हणावं लागेल. खालच्या पुढच्या दातांवर कीटणाचा एक जाड पूल बनलेला असतो, त्याने हलणारे दात एकमेकांना चिकटवून ठेवलेले असतात. पूल काढला की हलणं दिसायला लागतं, पण हलत होते ते आधीपासूनच. याशिवाय हत्यार फिरल्याने दाताभोवतीचे तंतू एक-दोन आठवडे सुजतात, दात थोडा जास्त हलतो आणि चावताना उंच लागल्यासारखा वाटतो. पुढे सूज उतरली की तो बहुधा आधीपेक्षा घट्ट होतो. महिन्याभरानंतरही हलणं वाढतच असेल तर तो वेगळा विषय, तेव्हा हाडाचा एक्सरे बघूनच बोलावं लागतं.

एक पेशंट सांगते म्हणजे हे सगळं एकत्र दिसेल, बरं झालेलं आणि न झालेलंही. साताऱ्याकडच्या एक बाई, पंचावन्नच्या आसपास. पंचवीस वर्षं सकाळी मिश्री. मिश्रीने आणि तंबाखूने एक वाईट गोष्ट होते, निकोटीनमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे हिरडीतून रक्त येत नाही. त्या म्हणत होत्या, मिश्रीने हिरड्या चांगल्या राहतात, कधी रक्त आलं नाही. आणि पॉकेट होतं 7 मिलिमीटर, खालच्या उजव्या पहिल्या दाढेला. त्या बाजूचं काम दोन सिटिंगला केलं, मिश्री बंद करायला घरच्यांनी नातीला पहाऱ्यावर बसवलं.

आठ आठवड्यांनी मोजलं. त्या दाढेच्या मागच्या बाजूला 7 चे 4 झाले. आता हे 3 मिलिमीटर गेले कुठे, हा हिशोब महत्त्वाचा. आधी हिरडीची कड इनॅमल संपतं त्या रेषेच्या 1 मिलिमीटर वर होती, सुजल्यामुळे. आठ आठवड्यांनी ती त्याच रेषेच्या 1 मिलिमीटर खाली होती. म्हणजे 2 मिलिमीटर नुसती सूज उतरून हिरडी खाली आली, आणि उरलेला 1 मिलिमीटर पॉकेटच्या तळाशी हिरडी मुळाला पुन्हा चिकटली. तीनपैकी दोन भाग हिरडी उतरण्याचे, एक भाग चिकटण्याचा. तुम्ही ज्याला फट म्हणताय तो हाच मधला 2 मिलिमीटर आहे. चिकटते तीही हाडाची नवी वाढ नसते, हिरडीच्या आतल्या त्वचेचा एक लांब पापुद्रा मुळाला लगटतो. बऱ्याच पेशंटमध्ये 4 ते 6 मिलिमीटरच्या पॉकेटमध्ये साधारण 1 मिलिमीटर कमी होतात, 7 आणि वरच्यांत साधारण 2, आणि 1 ते 3 मिलिमीटरच्या निरोगी खाचेत उगाच खरवडलं तर उलट थोडं नुकसानच होतं. म्हणून डीप क्लीनिंग सगळ्या दातांचं एकसारखं करायचं नसतं, जिथे पॉकेट आहे तिथेच.

त्याच दाढेच्या दोन मुळांच्या मधे मात्र मी चुकले, म्हणजे पोचलेच नाही. खालच्या दाढेला दोन मुळं असतात आणि ती जिथे फुटतात त्या जागेत शिरायची वाट बऱ्याच दाढांत 1 मिलिमीटरपेक्षाही कमी असते, आणि क्युरेटचं पातं साधारण तेवढंच रुंद. आत जातच नाही. नवव्या दिवशी बाई आल्या, म्हणाल्या दाढ उंच लागते, घास चावता येईना, दोन दिवसांपासून वाढतंय. गालाकडून हिरडी हरभऱ्याएवढी फुगलेली, दाबल्यावर पॉकेटमधून पू. झालं होतं असं की वरची हिरडी घट्ट होऊन पॉकेटचं तोंड बंद झालं, आत दगडाचा एक कंगोरा राहिलेला, त्यावरचा पू बाहेर पडायला जागाच उरली नाही. पॉकेटमधूनच पू काढला, धुतलं, बारीक अल्ट्रासोनिक टिप मुळांच्या मधे नेली तेव्हा तिथून काळ्या मोहरीसारखे दोन तुकडे निघाले. आठवड्यात उतरलं. पण आठ आठवड्यांनी ती एक जागा 6 च होती आणि टोचल्यावर रक्त येत होतं, तिथे शेवटी हिरडी उघडून साफ करावं लागलं. दगड जितका खोल तितका तो राहून जायची शक्यता जास्त, 5 मिलिमीटरच्या खाली गेलं की कितीही चांगला हात असो, काही ना काही राहतंच.

तुम्ही तुमच्या दाढेवर लक्ष ठेवताना त्या बाईंचा नववा दिवस आठवा. तिसऱ्या दिवसानंतर हिरडीचं दुखणं रोज थोडं कमी होतंय तर बरं चाललंय. मधेच एकाच दाताचं उलट वाढायला लागलं, उंच लागायला लागला, फुगवटा आला, पू किंवा घाण चव आली, ताप आला तर डॉक्टरकडे त्याच दिवशी जा, आणि मनाने अँटिबायोटिक सुरू करू नका. आत दगड असेपर्यंत गोळीने दोन दिवस दबतं आणि परत येतं. रक्ताचं सांगायचं तर गुलाबी थुंकी ठीक, पण तोंडात रक्ताच्या गाठी येत असतील तर स्वच्छ ओला गॉज घट्ट दाबून वीस मिनिटं बसा, तरी थांबलं नाही तर फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करायची नाही, आधी डॉक्टरला सांगायचं.

घरी काय करायचं ते थोडक्यात. पेशंटांची सर्वांत मोठी चूक म्हणजे दुखतं म्हणून त्या बाजूला आठवडाभर ब्रशच लावत नाहीत. पॉकेटच्या तोंडाशी प्लाक पुन्हा बसला की तुमची सगळी मेहनत आणि पैसे पाण्यात. तुमचा पाचवा दिवस आहे, एक्स्ट्रा सॉफ्ट ब्रश घ्या, हिरडीकडे थोडा तिरका धरा, जागच्या जागी हलवा, घासू नका. उघड्या मुळाला आडवं जोराने घासलं किंवा भरड दंतमंजन लावलं तर तिथे खाच पडते, विशेषतः तपकिरी किंवा लाल पावडर, आमच्याकडे ती घासून मुळं कापल्यासारखी झालेले पेशंट येतात. रात्री पोटॅशियम नायट्रेट 5 टक्के असलेली सेन्सिटिव्ह पेस्ट बोटाने त्या मुळांवर लावून तशीच ठेवा, चूळ भरून काढू नका. दोन आठवडे रोज लावल्याशिवाय तिचा गुण कळत नाही, दोन दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून फेकून देऊ नका. लिंबू सरबत, कोकम, चिंच, कोल्ड्रिंक दोन आठवडे कमी करा, आणि घेतलंच तर लगेच ब्रश करू नका, अर्धा तास जाऊ द्या.

कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून दिवसातून तीन-चार वेळा चूळ भरली तर हुळहुळ कमी होते. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश दिलं असेल तर सांगितलंय तेवढेच दिवस वापरा, आणि ब्रश केल्या केल्या नका घेऊ. टूथपेस्टमधला फेस त्याचं काम बिघडवतो, अर्धा तास मधे ठेवा. चहा पिणाऱ्यांचे दात त्याने तपकिरी होतात, ते डाग पॉलिशने निघतात, पण ते बघून पुन्हा कीटण आलं असं समजून घाबरू नका.

फटींमधे आता इंटरडेंटल ब्रश लागेल, बाटली धुवायच्या ब्रशचं छोटं रूप असतं ते. साध्या ब्रशला आणि दोऱ्याला तिथे पुरत नाही, कारण मुळाला आतून खळगा असतो आणि दोरा त्या खळग्यावरून पूल टाकून जातो. फटीत थोडा अडकून जाईल एवढ्या मापाचा घ्या, वेगवेगळ्या फटींना वेगळी मापं लागतात, ती डॉक्टरकडून एकदा बसवून घ्या. दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करायला हरकत नाही.

डावी बाजू लवकर करा, पण घाईने नाही. एका दिवसात सगळं तोंड करावं की एक-दोन आठवड्यांच्या अंतराने अर्धं-अर्धं, यावर बरंच बोललं गेलंय, निकाल जवळजवळ सारखाच लागतो. त्यामुळे तुम्हाला एका बाजूने जेवता यावं म्हणून उजवी बाजू शांत झाल्यावर, म्हणजे दहा-पंधरा दिवसांनी डावी केली तर चालेल. त्या दिवशी उपाशी जाऊ नका, भूल असेपर्यंत ओठ-गाल चावला जातो म्हणून गरम चहा आणि जेवण दोन-तीन तास थांबवा. शुगर असेल तर गेल्या तीन महिन्यांचा एचबीए1सी घेऊन जा. शुगर बेफाम असेल तर हिरडी चिकटायला त्रास देते, आणि उलटही आहे, हिरड्यांची सूज उतरली की एचबीए1सी साधारण 0.3 ते 0.4 ने खाली येतो. हृदयाची झडप बदललेली असेल तर तेही आधी सांगा, कारण त्यांना कामाच्या आधी अँटिबायोटिकचा एक डोस लागतो.

आणि पॉकेट पुन्हा मोजायची घाई त्यांनाही करू देऊ नका. नवा पापुद्रा पहिले काही आठवडे कच्चा असतो, मोजायची सळई आत घातली की तो फाटतो. निदान सहा ते आठ आठवडे जाऊ द्या, तीन महिने झाले तर उत्तमच. तेव्हा प्रत्येक दाताभोवती सहा जागी मोजलेले पॉकेटचे सहा आकडे लिहून मागा, आधीचे सहा शेजारी ठेवून. 4 आणि रक्त नाही, तर तिथे आता फक्त दर तीन महिन्यांनी नजर ठेवायची. 6 आणि रक्त, तर त्या जागी पुन्हा हत्यार जावं लागेल. तुमची हलणारी दाढही त्याच दिवशी बोटाने हलवून बघायला सांगा, आज नको.